एक तांब्याचा जग, चाळीस दृश्यं आणि तीन वेळा शिकवलेला लोरा

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून हाताने ठोकून तांब्याची भांडी घडवतात. गुळगुळीत भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके घालून जी चमक आणतात, तिला मठारकाम म्हणतात. अशी भांडी ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या विक्रेत्याचं काम माझ्याकडे आलं. दिवाळीच्या कॅटलॉगसाठी एकच जग चाळीस वेगवेगळ्या ठिकाणी दिसायला हवा होता: स्वयंपाकघराच्या ओट्यावर, तुळशीवृंदावनाशेजारी, हॉटेलच्या टेबलावर, रात्री समईच्या उजेडात, पावसाळ्यातल्या गच्चीवर. चाळीस ठिकाणी फोटोग्राफर नेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून चित्रं एआय मॉडेलकडून करून घ्यायची ठरली. अट एकच होती. जग प्रत्येक चित्रात तोच दिसला पाहिजे, 'तसलाच' चालणार नाही.

आधी जगाची ओळख करून देते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. झाकणासकट उंची २४ सेंटिमीटर आणि पोटाशी रुंदी १४. गळा आणि पोट जिथे मिळतात तिथे पितळेची बारीक बांगडी आहे. कान पितळेचा, वरच्या बाजूला दोन रिव्हिटांनी आणि खाली एका रिव्हिटाने बसवलेला. झाकणाला पितळेची गोल बोंडी. पोटावर मठाराचे ठोके बांगडीपासून बुडापर्यंत ओळीओळीने फिरत उतरतात. कानाच्या विरुद्ध बाजूला, बुडाजवळ, दुकानाचा देवनागरी शिक्का आहे. त्यातलं एकेक अक्षर साधारण ९ मिलिमीटर उंच.

नुसतं 'हॅमर्ड कॉपर जग विथ ब्रास हँडल' असं लिहून कुठल्याही मॉडेलकडून चित्र मागितलं तर जग सुंदर येतो, पण दर वेळी दुसराच येतो. शब्दांतून वर्ग सांगता येतो, त्या वर्गातली ही एक वस्तू सांगता येत नाही. २०२२ मध्ये आलेल्या ड्रीमबूथ या पद्धतीने यावर वाट काढली. वस्तूचे मोजके फोटो घ्यायचे, तिला भाषेत नसलेलं एक नाव द्यायचं आणि ते नाव म्हणजे ही वस्तू, असं मॉडेलच्या अंगवळणी पाडायचं. त्यासाठी सगळं मॉडेल पुन्हा शिकवायची गरज उरली नाही ती लोरामुळे. ही कल्पना २०२१ ची आहे आणि मुळात ती भाषेच्या मॉडेलांसाठी मांडली गेली होती. मूळ मॉडेलचे आकडे गोठवून ठेवायचे आणि त्यांच्या शेजारी दोन चिंचोळ्या मॅट्रिक्स जोडायच्या. शिकवायच्या त्या फक्त याच. मी वापरलेल्या एसडीएक्सएल मॉडेलात १२८० बाय १२८० च्या कितीतरी मॅट्रिक्स आहेत. अशा एकीत सोळा लाखांहून जास्त आकडे असतात. त्या चिंचोळ्या मॅट्रिक्सची रुंदी म्हणजे रँक. रँक १६ चा लोरा जोडला तर तिच्यासाठी शिकवायचे आकडे उरतात ४०,९६०, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. तयार होणारी फाइल शंभर एमबीच्या आत बसते.

ही तुटपुंजी जागा आपल्या फायद्याची असते. मॉडेलला जग म्हणजे काय, तांबं कसं चमकतं, टेबल कसं दिसतं हे आधीपासून माहीत आहे. आपल्याला शिकवायचाय तो फक्त या जगाचा वेगळेपणा. जागा जास्त दिली की मॉडेल त्या वेगळेपणासोबत माझं टेबल आणि माझे दिवेही पाठ करतं. नेमकं हेच मी पहिल्या खेपेला करून बसले.

पहिली खेप: पोटात अडकलेले दिवे

जग घरी आणला, पांढऱ्या कापडाचा लाइटबॉक्स लावला, दोन्ही बाजूंना दोन सॉफ्टबॉक्स उभे केले आणि दोन दिवसांत साठ फोटो काढले. सगळ्या बाजूंनी, सगळे टवटवीत. कॅटलॉगचे फोटो असेच काढतात, तेव्हा शिकवायलाही हेच चांगले, असा माझा हिशोब होता. रँक ६४ ठेवला, शिकवण्याच्या चार हजार स्टेप चालवल्या आणि साठही फोटोंना एकच ओळ लावली: 'फोटो ऑफ' आणि पुढे जगाचं बनावट नाव.

निकाल पहिल्या नजरेला झकास होता. जग ओळखू येत होता. मग मी रात्रीचं दृश्य मागितलं: अंधारलेलं देवघर, एक समई, शेजारी जग. देवघर अंधारं आलं, समई आली, आणि जगाच्या पोटावर दोन उभे पांढरेशुभ्र पट्टे आले. माझे सॉफ्टबॉक्स! त्या खोलीत असा उजेड यायला जागाच नव्हती. गच्चीवर, पावसात, जंगलात, जिथे न्यावं तिथे जग ते दोन पट्टे घेऊन जात होता. लोकांना नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण जग कापून चिकटवल्यासारखा वाटतो एवढं नक्की कळेल.

कारण सरळ आहे. फोटोत 'वस्तू' कुठली आणि 'उजेड' कुठला हे मॉडेलला कोणी सांगत नाही. साठही फोटोंत जे न बदलता येतं ते त्या नावाला चिकटतं. बांगडी साठ फोटोंत आहे, पांढरे पट्टेही साठ फोटोंत आहेत, त्यामुळे मॉडेलच्या लेखी दोन्ही जगाचेच अवयव. मातीचं मडकं असतं तर हा घोळ इतका जाणवला नसता. चकचकीत धातूचा पृष्ठभाग म्हणजे निम्मा आरसाच, आणि आरशाचा फोटो काढताना आपण आजूबाजूचाच फोटो काढत असतो.

दुसरी चूक माझ्या सिंकपाशी झाली होती. पहिल्या दिवशी जग चिंच-मीठ लावून घासला होता, त्यामुळे तो गुलाबी झाक असलेला लख्ख होता. दुसऱ्या दिवशी हाताळून हाताळून त्यावर बोटांचे डाग पडले होते आणि रंग तपकिरीकडे झुकला होता. डोळ्यांना हे फार जाणवलं नाही. पण चित्रांत एकदा गुलाबी तांबं, एकदा तपकिरी तांबं, आणि काही चित्रांत एकाच जगाचं पोट अर्धं असं, अर्धं तसं.

ही चित्रं मी ज्यांनी तो जग घडवला होता त्या कारागीर काकांना मोबाइलवर दाखवली. दिव्यांच्या पट्ट्यांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हा आमचा जग नाही. आमचा ठोका ओळीत फिरतो. हा कुणीतरी राग आल्यासारखा ठोकलाय." मी पुन्हा निरखून पाहिलं. खरंच, ठोके ओळीत नव्हतेच, पोटभर नुसते विखुरले होते. मी शंभरेक चित्रं पाहूनही मला ते दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून चित्रं पारखायला काका हेच माझं शेवटचं ठाणं झालं.

दुसरी खेप: मास्कने काय सुटतं आणि काय नाही

शिकवताना मॉडेल चुकलं किती हे मोजणाऱ्या आकड्याला लॉस म्हणतात. मास्क वापरला तर हा आकडा फोटोच्या ठरावीक भागापुरताच मोजता येतो. मी प्रत्येक फोटोतला जग कापून पारदर्शक थरात त्याची कड दिली आणि प्रशिक्षणाच्या स्क्रिप्टला सांगितलं की बाहेरचं काही मोजू नकोस. साठातले तपकिरी फोटोही काढून टाकले. पांढरं टेबल आता शिकलं जाणार नाही, मग प्रश्न सुटला, असं वाटलं.

अर्धाच सुटला. आता मागची दृश्यं मोकळी झाली. आधी गच्चीवरही जगाखाली पांढरं कापड डोकावायचं, ते थांबलं. पण पट्टे तिथेच राहिले. राहणारच. मास्कने टेबलाचा फोटो वगळला होता, टेबलाचं जगाच्या पोटात पडलेलं प्रतिबिंब मास्कच्या आत होतं. कात्रीने कापून उजेड वेगळा करता येत नाही एवढं त्या आठवड्यात शिकले. मास्क मातीच्या, कापडाच्या, लाकडाच्या वस्तूंना खुशाल वापरावा. धातूला, काचेला तो पुरत नाही.

तिसरी खेप: सव्वीस फोटो

शेवटी सुधारणा झाली ती कॅमेऱ्यापाशी. जग सगळ्या फोटोंत तोच राहील आणि बाकी काहीच तेच राहणार नाही, असे फोटो हवे होते. सकाळी जग घासला, कोरड्या सुती फडक्याने पुसला, हातमोजे घातले आणि एका दिवसात सगळं उरकलं. खिडकीजवळ डावीकडून येणारा उजेड, गच्चीवर ढगाळ आभाळ, दुपारचं कडक ऊन, संध्याकाळी पिवळा बल्ब, एक फोटो फक्त मेणबत्तीच्या उजेडात. खाली कधी शिसवी पाट, कधी काळा कडप्पा, कधी चादर, कधी गवत. प्रत्येक उजेडात पहिला फोटो राखाडी कार्ड धरून घेतला, म्हणजे रंगाचा तोल नंतर एकसारखा लावता येतो. ऐंशीएक फोटोंतून सव्वीस ठेवले. त्यांतले अठरा अख्ख्या जगाचे होते, पाच जवळून घेतलेले (कानाचे सांधे, बांगडी, बोंडी, मठाराच्या ओळी), आणि तीन लांबून, जग चौकटीत लहान दिसेल असे. लांबचे घ्यावेत हे मला उशिरा सुचलं. ते नसले तर मॉडेल जगाला नेहमी चौकटीच्या मध्यभागी मोठा करूनच बसवतं.

शिक्का दिसेल असा एकही फोटो ठेवला नाही. तो एक तर मागे फिरवला किंवा चित्र संपादनात पुसला. का, ते पुढे येतं.

मग फोटोंसोबतच्या ओळी, म्हणजे कॅप्शन. इथला नियम ऐकायला उलटा वाटतो: जे बदलायला हवं ते लिहायचं आणि जे कायम राहायला हवं ते लिहायचं नाही. कॅप्शनमध्ये ज्याला स्वतःचा शब्द मिळतो ते त्या शब्दाच्या खात्यात जमा होतं, आणि ज्याला शब्द नाही ते बनावट नावाच्या खात्यात. म्हणून 'हॅमर्ड' हा शब्द कुठेही लिहिला नाही, 'ब्रास हँडल' लिहिलं नाही, बांगडीचा उल्लेख नाही. टेबल, उजेड, शेजारच्या वस्तू मात्र सगळ्या लिहिल्या. ओळी इंग्रजीतच, कारण या मॉडेलचा शब्द समजणारा भाग मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला आहे. एक नमुना:

```
photo of tmbtjag copper jug on a black stone slab,
soft window light from the left, a steel tumbler beside it
```

शेवटचा स्टीलचा पेला मुद्दाम आहे. पहिल्या दोन खेपांत एक गमतीशीर रोग होता: जगाशेजारी जे काही ठेवाल ते तांब्याचं आणि ठोक्याठोक्यांचं व्हायचं. काचेचे ग्लास मठारलेले, ताट मठारलेलं, एका चित्रात तर नळसुद्धा. सगळ्या फोटोंत जग एकटाच होता, त्यामुळे 'या चौकटीत जे भांडं असेल ते असं दिसतं' इतकंच मॉडेल शिकलं होतं. चार फोटोंत साधा पेला, काचेचा ग्लास, चिनी मातीची बशी शेजारी ठेवली आणि कॅप्शनमध्ये त्यांची नावं घातली. रोग बराच आटोक्यात आला. पूर्ण गेला नाही. दुसरं तांब्याचं भांडं शेजारी मागितलं की ते आजही जगाचा धाकटा भाऊ असल्यासारखं येतं.

फोटोंची मांडणी `jag.toml` या फाइलमध्ये अशी होती:

```
[general]
caption_extension = ".txt"
enable_bucket = true

[[datasets]]
resolution = 1024
batch_size = 2

  [[datasets.subsets]]
  image_dir = "jag_26"
  num_repeats = 4
  flip_aug = false
```

`flip_aug` बंद आहे याकडे लक्ष द्या. शिकवताना अधूनमधून फोटो आरशासारखा उलटवून दाखवण्याची ही सोय आहे, आणि बरेच जण ती वापरतात. ज्या वस्तूवर अक्षरं आहेत किंवा जिची डावी-उजवी बाजू वेगळी आहे तिला ती घातक ठरते. आणि आज्ञा, महत्त्वाच्या तेवढ्या बाबी ठेवून:

```
accelerate launch sdxl_train_network.py \
  --pretrained_model_name_or_path sd_xl_base_1.0.safetensors \
  --dataset_config jag.toml \
  --network_module networks.lora \
  --network_dim 16 --network_alpha 8 \
  --network_train_unet_only --unet_lr 1e-4 \
  --optimizer_type AdamW8bit --mixed_precision bf16 --save_precision bf16 \
  --gradient_checkpointing --cache_latents \
  --max_train_epochs 40 --save_every_n_epochs 5 \
  --output_dir out --output_name tmbtjag
```

हिशोब सोपा आहे. सव्वीस फोटो गुणिले चार म्हणजे १०४, दोन-दोनच्या जोडीने ५२ स्टेप म्हणजे एक फेरी. चाळीस फेऱ्यांत २०८० स्टेप होतात आणि दर पाच फेऱ्यांनी, म्हणजे २६० स्टेपनी, एक फाइल साठवली जाते. शेवटी आठ फाइली हातात येतात. २४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड तासावर भाड्याने घेतलं होतं, तासाभरात काम उरकलं. मास्क या खेपेला लावला नाही. मागचं दृश्य बहुतेक फोटोंत वेगळं असल्याने त्याची गरजच राहिली नव्हती.

आठांतली कुठली फाइल?

नवख्या माणसाची नजर लॉसच्या आलेखावर जाते. माझीही जायची. या कामात तो आलेख जवळजवळ निरुपयोगी आहे. प्रत्येक स्टेपला फोटोवर कमीजास्त नॉइज, म्हणजे ठिपक्यांचा गोंधळ, टाकून मॉडेलला तो ओळखायला सांगतात आणि किती नॉइज टाकायचा हे नशिबावर सोडलेलं असतं. त्यामुळे आकडा सतत वरखाली हेलकावत राहतो. जग बिनचूक शिकला गेला तरी आलेख तसाच आणि पाठांतर सुरू झालं तरी तसाच.

मी आठ दृश्यं आणि प्रत्येकाचे चार सीड, म्हणजे चित्राची सुरुवात कुठल्या नॉइजपासून व्हायची ते ठरवणारे आकडे, पक्के ठरवले आणि प्रत्येक फाइलमधून तीच बत्तीस चित्रं काढली. दृश्य तेच, सीड तोच, त्यामुळे दोन चित्रांत जो फरक दिसेल तो फाइलचाच. मग प्रत्येक चित्रात मोजदाद केली: रिव्हिटं किती, बांगडी आहे का, बोंडी गोल की निमुळती, ठोके ओळीत की विखुरलेले. जिथे जग समोरून दिसत होता तिथे पट्टी लावून उंची भागिले रुंदी काढली. खरा जग २४ भागिले १४, म्हणजे १.७१. पहिल्या खेपेत हा आकडा १.५ ते १.९ पर्यंत भटकत होता. म्हणजे काही चित्रांत जग बुटका आणि काहींत सुरईसारखा. तिसऱ्या खेपेत १.६६ ते १.७६ मध्ये राहिला. कॅमेऱ्याच्या कोनामुळे इतका फरक खऱ्या फोटोंतही पडतो.

डायनो नावाच्या दृष्टीमॉडेलकडून खऱ्या फोटोशी साम्याचा आकडाही काढून पाहिला. ड्रीमबूथच्या निबंधातही साम्य मोजायला तो वापरला आहे. चित्र जगाच्या कडेने कापून मागे राखाडी रंग भरून मग मोजायचं, नाहीतर मागच्या टेबलाचे गुण जगाला मिळतात. भलताच जग गाळून टाकायला हा आकडा चांगला. पण एका चित्रात वरच्या बाजूला दोनऐवजी तीन रिव्हिटं होती आणि तरी त्याला वरचे गुण मिळाले. बारीक गोष्टी त्याच्या नजरेत भरत नाहीत. त्या डोळ्यांनीच मोजाव्या लागतात, आणि नंतर काकांच्या डोळ्यांनी.

५२० स्टेपपर्यंत जग ढोबळ होता, कान कधी तांब्याचा, कधी पितळेचा. ७८० ला बांगडी स्थिरावली. १३०० ला ठोक्यांच्या ओळी नीट फिरू लागल्या आणि दृश्यंही सांगितल्याप्रमाणे येत होती. १८२० च्या फाइलमध्ये जग आणखी थोडा नेमका होता, पण रेल्वेच्या डब्यातल्या दृश्यात खिडकीखाली निळी टाइल आली. ती माझ्या स्वयंपाकघरातली टाइल. सव्वीसपैकी चार फोटोंत मागे होती आणि मी कॅप्शनमध्ये लिहायला विसरले होते. पाठांतर सुरू झाल्याची याहून स्वच्छ खूण मिळायची नाही. १३०० ची फाइल ठेवली आणि चित्रं काढताना तिचा जोर ०.८५ वर. पूर्ण १ वर जग उत्तम येत होता, पण दृश्यातला उजेड माझ्या फोटोंकडे ओढला जात होता.

समईचं दृश्य पुन्हा काढलं. या खेपेला पोटावर एकच पिवळा, थरथरल्यासारखा ठिपका होता, समई होती त्याच बाजूला, आणि ठोक्याठोक्यावर त्याचे बारीक तुकडे पडले होते.

जे या मार्गाने जमत नाही

रिव्हिटं मात्र दगा देत राहिली. जवळच्या चित्रांत बरोबर, लांबच्या चित्रांत कधी एक, कधी तीन, कधी नुसता डाग. आणखी फोटो, आणखी स्टेप हा उपाय नव्हता, कारण अडचण शिकण्याची नव्हती, जागेची होती. हे मॉडेल थेट पिक्सेलवर काम करत नाही. ते चित्र आठपटीने आकसवून, १०२४ च्या जागी १२८ खणांच्या जाळीवर रंगवतं आणि शेवटी पुन्हा मोठं करतं. आता १०२४ च्या चित्रात जग ४०० पिक्सेल उंच आहे असं धरा. २४ सेंटिमीटरचे ४०० पिक्सेल, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण १७. पाच मिलिमीटरचं रिव्हिट ८ पिक्सेलचं होतं, जाळीवर नेमका एक खण. शिक्क्याचं ९ मिलिमीटरचं अक्षर १५ पिक्सेलचं, जाळीवर दोन खणही नाही. दोन खणांत 'क' ची शेपटी, वेलांटी आणि शिरोरेषा कोण बसवणार? म्हणून शिक्का शिकवायच्या फोटोंतच ठेवला नव्हता. पहिल्या खेपेत तो होता, तेव्हा चित्रांत देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी यायचं, आणि बुडाशी अक्षरांचा चिखल असण्यापेक्षा कोरं तांबं केव्हाही बरं.

रिव्हिटांवर उपाय आहे. चित्र पूर्ण झालं की जगाभोवतीचा चौकोन कापायचा, १०२४ पर्यंत मोठा करायचा आणि तेवढाच तुकडा त्याच लोराने पुन्हा रंगवून घ्यायचा. किती पुन्हा रंगवायचं याचा आकडा, डिनॉइज, ०.३५ च्या आसपास ठेवला. त्याहून कमी ठेवलं तर चूक तशीच राहते, ०.५ च्या वर गेलं की उजेड दृश्याशी जुळेनासा होतो. मग तुकडा लहान करून जागेवर बसवायचा. मोठं केल्यावर तेच रिव्हिट जाळीवर अडीच खणांचं होतं आणि तेवढ्यात दोन गोल टोप्या मावतात. शिक्का मी खऱ्या फोटोतून कापला आणि पोटाच्या गोलाईप्रमाणे वाकवून हाताने चढवला, जिथे कोनामुळे तो दिसायलाच हवा होता अशा अकरा चित्रांत.

मठाराच्या ठोक्यांबद्दल एक गोष्ट विक्रेत्याला आधीच स्पष्ट सांगितली. ओळी बरोबर येतात, ठोक्याचा आकार बरोबर येतो, पण चौथ्या ओळीतला सातवा ठोका प्रत्येक चित्रात त्याच जागी असेल असं लोरा देऊ शकत नाही. तो ठोक्यांची रीत शिकतो, नकाशा नाही. हाताच्या कामात दोन जगांचेही ठोके जुळत नसल्याने इथे ते खपलं. छापील नक्षीचा डबा असता, वेलबुट्टी मोजून जुळायला हवी असती, तर मी हा मार्ग घेतलाच नसता. तिथे खरा फोटो कापून दृश्यात बसवावा किंवा वस्तूचं थ्रीडी मॉडेल करून घ्यावं, आणि मॉडेलकडून फक्त आजूबाजूचं दृश्य आणि सावली करून घ्यावी.

चाळीसांपैकी एकतीस दृश्यं लोरावर झाली. उरलेल्या नऊमध्ये बहुतेक हातांची होती: कान धरून पेल्यात पाणी ओतणारा हात. बोटं कानाच्या आत गेली की मॉडेल कानाची जाडी बदलायचं, खालचं रिव्हिट बोटाखाली गडप व्हायचं आणि नखासारखं काहीतरी तांब्यावर उगवायचं. सव्वीसमध्ये जग हातात धरलेला एकही फोटो नव्हता, हे खरं कारण. त्यासाठी नव्याने शिकवत बसण्यापेक्षा माझ्याच हातात जग धरून खिडकीपाशी नऊ फोटो काढले, कडेने कापले आणि दृश्यांत बसवले. अर्ध्या दिवसात झालं. विक्रीच्या पानावरचा मुख्य फोटोही खऱ्या जगाचाच ठेवायचा, असं आमचं आधीच ठरलं होतं. बनवलेली चित्रं फक्त जग घरात कसा शोभेल ते दाखवण्यापुरती.

काकांना शेवटचा गठ्ठा दाखवला तेव्हा त्यांनी दोन चित्रं बाजूला काढली. एकात बोंडी झाकणाच्या मध्यापासून जराशी सरकली होती, दुसऱ्यात बांगडी गळ्याऐवजी पोटावर उतरली होती. दोन्ही पुन्हा काढली. बाकीच्यांवर त्यांनी मान डोलावली. एका चित्राशी मात्र रेंगाळले आणि म्हणाले, "हा जरा जास्तच चांगला ठोकलाय. इतका सरळ हात माझा नाही चालत."

दिवाळीनंतर जगाचा नवा घाट आला. कान आता थोडा रुंद आहे आणि वरच्या बाजूला दोनऐवजी तीन रिव्हिटं आहेत, कारण भरलेला जग उचलताना जुना कान हलतो अशी तक्रार होती. जुनी फाइल तीन रिव्हिटं देत नाही, मागितली तरी. नवा जग परवा घरी आला. चिंच भिजत घातली आहे, आणि या खेपेला निळ्या टाइलपासून लांब बसणार आहे.